सोडियम दिव्याखालच्या फोटोत चेहरे केशरी येतात: काय सुधारता येतं आणि काय नाही

रात्री मित्रांचा घोळका रस्त्याच्या दिव्याखाली उभा करून फोटो काढला. तेव्हा डोळ्यांना सगळं बरोबर दिसत होतं. घरी येऊन बघितलं तर सगळ्यांचे चेहरे गाजरासारखे केशरी, पांढरा शर्ट हळदीत बुडवल्यागत आणि निळी जीन्स काळपट. एडिटिंगमध्ये `Temp` ची पट्टी डाव्या टोकाला नेली तरी केशरीपणा पुरता जात नाही. कसाबसा घालवलाच तर चेहरे राखाडी पडतात आणि मंडळी आजारी दिसायला लागतात.

२०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसत गेले, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे. तरी औद्योगिक वसाहतींमधले आतले रस्ते, जुन्या सोसायट्यांची आवारं, मालधक्के अशा ठिकाणी सोडियमचे खांब अजून भेटतात. शिवाय हार्ड डिस्कवर पडून असलेले कॉलेजच्या काळातले रात्रीचे फोटो तर बहुतेक त्याच उजेडातले असतात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

मुळात बिघडतं काय

आपल्याकडचे पिवळे-केशरी रस्त्याचे दिवे हे उच्च दाबाचे सोडियम दिवे. त्यांच्या उजेडाचं रंगतापमान साधारण २००० ते २१०० केल्विन असतं. हा आकडा जितका कमी तितका उजेड जास्त केशरी. घरातला जुना पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा, म्हणजे सोडियम त्याच्याही बराच खाली. बहुतेक कॅमेऱ्यांत व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं मानायचं ते, हाताने ठरवायची सोय २५०० केल्विनपाशी संपते, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स तर त्याच्याही आधी थांबतो. म्हणजे कॅमेरा तुमच्यासाठी जितकं करू शकतो तितकं करूनही केशरी रंग उरतोच.

पण हा प्रश्नाचा सोपा भाग. अवघड भाग असा, की सोडियमच्या उजेडात सगळे रंग नसतातच. बल्बचा उजेड पिवळा असला तरी त्यात जांभळ्यापासून लालपर्यंत सलग सगळं असतं, निळं फक्त कमी असतं. सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा उजेड पिवळ्या-केशरी पट्ट्यात, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असतो. हिरवं थोडं, लाल थोडं आणि निळं अगदी नावाला. रंग किती खरे दिसतात हे मोजणारा सीआरआय हा आकडा उन्हासाठी १०० असतो, या दिव्यांसाठी जेमतेम २० ते २५.

चेहऱ्याचा जिवंतपणा बारीक फरकांवर उभा असतो: गालांवरची लाली, ओठांचा वेगळा रंग, कपाळ आणि मानेच्या छटांमधलं अंतर. सोडियमच्या उजेडात हे फरक जवळजवळ पुसले जातात. गोरा, सावळा, गव्हाळ असे तीन मित्र शेजारी उभे असले तरी फोटोत तिघांना एकच रंग लागतो, फक्त उजळ-गडद एवढाच भेद उरतो. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलला वेगवेगळ्या आकड्यांनी गुणणं. निळ्यात जे आलंच नाही त्याला कितीही मोठ्या आकड्याने गुणलं तरी हाती लागतो तो नॉइज, म्हणजे नुसती खरखर. चेहरे राखाडी आणि डागाळलेले दिसतात ते यामुळे.

म्हणून पांढरा शर्ट पांढराशुभ्र करणं हे ध्येय इथे चुकीचं आहे. चेहरे घरातल्या पिवळ्या बल्बखाली बसल्यासारखे ऊबदार दिसले की काम झालं असं मी मानतो. तिथपर्यंत पोचता येतं. त्यापुढे ढकललं की त्वचा मरते.

आधी फाइल तपासा

पट्ट्या हलवायच्या आधी फोटोत किती जीव आहे ते बघून घ्या. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो, असेल तर रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि कीबोर्डवर `b` दाबा. फक्त निळं चॅनेल दिसेल. त्यात डोळे, नाक, ओठ ओळखू येत असतील, थोडी खरखर असली तरी, तर रंगीत फोटो वाचेल. चेहऱ्याच्या जागी नुसता मुरमुरा दिसत असेल तर रंगाचा हट्ट सोडून कृष्णधवल करणं चांगलं.

मग `r` दाबा. लाल चॅनेलमध्ये कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं सपाट पांढरी झाली आहेत का बघा. सोडियमच्या फोटोत सगळ्यात आधी फुटतं ते लाल. जेपेगमध्ये लाल फुटलेलं असेल तर तिथला त्वचेचा पोत कायमचा गेला. रंग कमी केल्यावर त्या जागी मातकट सपाट चट्टे उरतात. रॉमध्ये मात्र बऱ्याचदा हे फुटणं वरवरचं असतं. दिवसाच्या व्हाइट बॅलन्ससाठी कॅमेरा लाल चॅनेल साधारण दुपटीने वाढवतो आणि त्या वाढीमुळे ते वर आदळतं. व्हाइट बॅलन्स खाली आणला की ही वाढ निघून जाते आणि कपाळावरचा पोत परत दिसायला लागतो. केवळ या एका कारणासाठी सोडियमखाली रॉमध्ये काढणं मी सोडत नाही. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तिथेही रॉ मिळतं.

तिसरी तपासणी, एकाच जागी लागोपाठ काढलेल्या फोटोंची. एक पिवळा, दुसरा तपकिरी, तिसऱ्यात आडवे पट्टे असं असेल तर दोष शटरचा आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि त्या चढउतारात प्रकाशाचा रंगही बदलतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पूर्ण चढउतार प्रत्येक फोटोत येतो आणि रंग सारखा राहतो. १/५०० ला काढलेल्या दहा फोटोंना एकाच सेटिंगने दुरुस्त करायला जाल तर जमणार नाही, प्रत्येकाचा व्हाइट बॅलन्स वेगळा लावावा लागेल.

एक फोटो सुरुवातीपासून

नमुन्यादाखल असा फोटो घेऊ. औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्याकडेची चहाची टपरी, चार मित्र, हातात कागदी कप. सोडियमचा खांब समोर डावीकडे. मागे टपरीत पांढरा एलईडी बल्ब. एफ/१.८, १/५०, आयएसओ ३२००, रॉ. एकाने पांढरा शर्ट घातलेला, एकाने निळा. लाइटरूममध्ये उघडल्यावर चारही चेहरे केशरी.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन कागदी कपाच्या सावलीकडच्या भागावर टिचकी मारायची. चकाकणारी जागा घ्यायची नाही, आणि मागच्या एलईडीचा उजेड पडलेली तर मुळीच नाही. `Temp` थेट २००० वर जाऊन आदळतो, कारण लाइटरूममध्ये पट्टी तिथेच संपते. कप अजून पिवळाच आहे. इथे बरेच जण हात टेकतात आणि सगळ्या फोटोचं `Saturation` खाली ओढतात. त्याने निळा शर्ट, टपरीवरची पाटी, सगळंच मरतं आणि चेहरे काही सुधारत नाहीत.

या भिंतीपलीकडे जायला दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे रॉथेरपी वापरणं, तिथे तापमानाची पट्टी १५०० केल्विनपर्यंत जाते आणि सोडियमला ते पुरतं. दुसरी लाइटरूम सोडायचं नसेल त्यांच्यासाठी. रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात बदलून अडोबीच्या `DNG Profile Editor` मध्ये उघडायची. `Color Matrices` या टॅबमध्ये खाली `White Balance Calibration` आहे, त्यातली `Temperature` ची पट्टी बरीच डावीकडे न्यायची आणि प्रोफाइल निर्यात करायचं. लाइटरूम बंद करून पुन्हा उघडल्यावर प्रोफाइलच्या यादीत ते दिसतं. ते लावलं की त्याच २००० च्या आकड्याला फोटो आधीपेक्षा कितीतरी निळसर दिसतो आणि पट्टीला दोन्ही बाजूंना जागा मिळते. इन्फ्रारेड फोटो काढणारे हीच युक्ती वापरतात. एका कॅमेऱ्यासाठी एकदा केलेलं प्रोफाइल त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या सोडियम फोटोंना चालतं.

आता ड्रॉपरने पुन्हा कप घ्या. कप पांढरा होईल आणि चेहरे राखाडी पडतील. घाबरू नका. `Temp` हळूहळू उजवीकडे आणा आणि या वेळी कपाकडे न बघता सगळ्यात जवळच्या चेहऱ्याच्या गालाकडे बघा. कप मलईच्या रंगाचा झाला की साधारण तिथेच गाल जिवंत वाटायला लागतो. चेहऱ्यावर हिरवट झाक उरली तर `Tint` किरमिजीकडे थोडा सरकवा, पाच-दहा एककं पुरतात.

एवढ्याने एक नवीनच गोष्ट उपटते: मागच्या टपरीतला एलईडी बल्ब आता गडद निळा दिसतो आणि मागे उभ्या असलेल्या मित्राच्या खांद्यावर निळी कड येते. सोडियमसाठी केलेला व्हाइट बॅलन्स पांढऱ्या उजेडाला निळा करणारच. यावर उपाय सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. रंगांच्या पॅनेलमध्ये `Blue` चं `Saturation` उणे ६० पर्यंत खाली आणा. चेहऱ्यांमध्ये निळं नाहीच, त्यामुळे चेहऱ्यांना धक्का लागत नाही आणि बल्ब पुन्हा पांढरट होतो. निळ्या शर्टाचा जो थोडा रंग हाती आला होता तो मात्र यात जातो. तो हवा असेल तर हाच बदल मास्क लावून फक्त मागच्या भागावर करा.

त्यानंतर त्वचा. `Orange` चं `Saturation` उणे १५ ते २५, `Luminance` अधिक १०. `Yellow` चा `Hue` उणे बाजूला नेला की त्वचेतला पिवळट भाग केशरीकडे सरकतो आणि हळद लावल्याचा भास जातो. यातला मोठा आकडा टाळा. `Orange` उणे ५० केलं की फोनवर छोट्या आकारात फोटो छान दिसतो, पण मोठा करून बघितलं की चेहरे पिठासारखे.

मग माणसांचे मास्क. लाइटरूम चेहऱ्याची त्वचा आणि ओठ वेगवेगळे निवडू देतं. चारही जणांचे ओठ एका मास्कमध्ये घेऊन `Tint` ७-८ ने किरमिजीकडे न्यायचा. बदल इतका लहान की चालू-बंद केल्याशिवाय कळत नाही, पण चेहरा आणि ओठ यांच्यातला जो भेद दिव्याने खाल्लेला असतो तो थोडा परत येतो. दिव्याच्या सगळ्यात जवळ उभा असलेला मित्र बाकीच्यांहून अजूनही जास्त केशरी दिसत असेल तर त्याच्या एकट्याच्या त्वचेवर `Temp` थोडा खाली घ्या. सगळ्यांची त्वचा एकसारखी करायच्या मागे मात्र लागू नका. मुळात ती एकसारखी नव्हती, आणि कोण सावळा कोण गोरा हे तुम्हाला माहीत आहे. हा भेद उजळपणाने दाखवता येतो, म्हणून तिथे `Exposure` वापरा.

सगळ्यात शेवटी नॉइज. निळं चॅनेल ताणल्यामुळे गालांवर जांभळे-हिरवे ढगाळ डाग आलेले असतात. ते `Color` नॉइजच्या पट्टीने जातात. ती सहसा २५ वर असते, इथे ५० ते ६० लागतात. `Luminance` नॉइजला जपून हात लावा, त्याने दाढीची खुंटं आणि भुवया विरघळतात.

फोटो काढतानाच टाळायचं असेल तर

एडिटिंगमध्ये नसलेला रंग आणता येत नाही. जागेवर आणता येतो, कारण चेहऱ्यावर दुसरा, सगळे रंग असलेला उजेड पाडणं तुमच्या हातात असतं.

सगळ्यात सोपं म्हणजे जागा फिरवणं. मंडळींची पाठ सोडियमच्या खांबाकडे आणि तोंड टपरीच्या, मेडिकलच्या किंवा एटीएमच्या पांढऱ्या उजेडाकडे करा. व्हाइट बॅलन्स चेहऱ्यावरच्या उजेडाला लावा, म्हणजे ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान. सोडियम तेव्हा केसांवर आणि खांद्यावर सोनेरी कड म्हणून येतो, आणि तिथे तो सुंदरच दिसतो. तीन-चार पावलं सरकण्याने जे साधतं ते लाइटरूममध्ये तासभर बसून साधत नाही.

जवळ दुसरा दिवाच नसेल तर फोनचा टॉर्च. पण तो तसाच मारला तर तो ५००० केल्विनच्या पुढचा पांढरा आणि शेजारी २००० चा केशरी, अशा दोन रंगांत चेहरा अर्धा-अर्धा वाटला जातो, आणि हा मिश्र उजेड दुरुस्त करणं नुसत्या सोडियमहून कठीण असतं. त्यासाठी टॉर्चवर केशरी जिलेटिन कागद लावायचा. फोटोग्राफीच्या दुकानात सीटीओ नावाचा रंगीत फिल्टर मिळतो, त्याचा फ्लॅशच्या आकाराचा तुकडा पाकिटात राहतो. तो नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातला केशरी जिलेटिनही चालतो, फक्त तो फ्लॅशच्या उष्णतेने सुरकुततो, टॉर्चवर टिकतो.

कागदाचे किती थर लावायचे हे तिथल्या तिथे ठरवता येतं. एक पांढरा कागद असा धरा की त्याच्या अर्ध्यावर खांबाचा उजेड आणि अर्ध्यावर टॉर्चचा पडेल. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स आकड्यावर पक्का करून स्क्रीनवर बघा. दोन्ही बाजू अगदी सारख्या व्हायची गरज नाही. टॉर्चची बाजू थोडी पांढरट राहू द्या. मग कॅमेरा ३००० केल्विनच्या आसपास ठेवला की चेहरे बल्बखालच्यासारखे येतात आणि मागचा रस्ता केशरीच राहतो. केशरी कागद लावूनही टॉर्चचा उजेड हा सलग उजेड राहतो, त्यात लाल आणि थोडं निळं शिल्लक असतं. गालांची लाली आणि ओठांचा रंग त्यातून येतो. एका मित्राला टॉर्च घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला, डोळ्यांच्या थोडं वर हात धरून, दीड-दोन मीटरवर उभं करा. अगदी समोरून मारला तर चेहरे सपाट येतात.

यातलं काहीच शक्य नसेल तर निदान एक्स्पोजर नेहमीपेक्षा अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स २५०० वर लावा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगळा दाखवायला सांगा. लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला नसला की पुरे. २५०० लावायचं कारण असं की हिस्टोग्राम रॉचा नसून कॅमेऱ्यातल्या जेपेगचा असतो. दिवसाचा व्हाइट बॅलन्स ठेवलात तर तो लाल फुटल्याची खोटी भीती घालतो आणि तुम्ही फोटो गरजेपेक्षा जास्त काळोखा काढता. मग निळ्यात उरलेलं थोडंफारही नॉइजमध्ये जातं.

फक्त जेपेग हातात असेल तर

जुन्या फोटोंचं बहुतेक असंच असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्यांचं तर नक्कीच. इथे झेप लहान ठेवा. स्नॅपसीडमध्ये `White Balance` मधलं `Temperature` निम्म्यापर्यंत डावीकडे, आणि `Selective` ने प्रत्येक चेहऱ्यावर एक बिंदू ठेवून `Saturation` उणे २० ते ३०. केशरी रंग राहील, पण चेहरे बघवतील. याहून पुढे गेलात की कपाळावर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसायला लागतात. ते दिसले की एक पाऊल मागे या.

कृष्णधवल कधी

निळं चॅनेल मेलेलं असेल किंवा कपाळं लालमध्ये फुटलेली असतील तर मी रंग सोडून देतो. पण नुसता रंग काढून टाकू नका. आधी वर सांगितल्याप्रमाणे व्हाइट बॅलन्स खाली आणा, मग कृष्णधवल करा आणि रंगांच्या मिश्रणात `Orange` वर न्या, `Blue` आणि `Purple` खाली. त्वचेचा उजळपणा तेव्हा लाल आणि हिरव्या चॅनेलमधून येतो. त्या दोन्हींत या उजेडात नॉइज कमी असतो, त्यामुळे चेहरे आश्चर्य वाटावं इतके गुळगुळीत निघतात, आयएसओ ३२०० ला सुद्धा.

ब्रिटन किंवा नेदरलँड्समध्ये राहिलेल्यांकडे जे जुने रात्रीचे फोटो असतात त्यांत बऱ्याचदा दुसऱ्या जातीचा, कमी दाबाचा सोडियम दिवा असतो. त्याचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा, ५८९ नॅनोमीटरचा. त्या उजेडात लाल गाडी आणि निळी गाडी यांत डोळ्यालाही फरक करता येत नाही. त्या फाइलींवर `Temp`, प्रोफाइल, मास्क कशाचाही उपयोग होत नाही. त्या सरळ कृष्णधवल करा, आणि लाल-हिरव्यापैकी जे चॅनेल फुटलेलं नसेल त्यावरून करा.